टेनिस बॉलच्या उसळीवरून वेग काढताना

प्रश्न : अकरावीत आहे. घरातल्या लादीवर टेनिस बॉल सोडून मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढला. मागे भिंतीला मोजपट्टी चिकटवली होती. बॉल १०६.५ सेंमीवरून सोडला, पुढच्या उसळ्या ६२.५, ३८, २४ आणि १६.५ सेंमी. पहिल्या दोन उंच्यांचा भागाकार ०.५८७ आला, तोच कोएफिशियंट ऑफ रेस्टिट्यूशन (e) धरला. आदळतानाचा वेग ४.५७ मी./से. येतो, त्याला ०.५८७ ने गुणल्यावर उसळीनंतरचा वेग २.६८ मिळाला. मित्र म्हणतो ३.५०. कोण बरोबर? शिवाय पुढच्या उसळ्यांना हा भागाकार वाढत वाढत ०.६९ पर्यंत जातो. e तर स्थिर असतो ना?

उत्तर :

तुझ्या मित्राची रीत बरोबर आहे, पण ३.५० हा आकडाही बरोबर नाही. तुझ्याच मोजमापांवरून पहिल्या उसळीनंतरचा वेग सुमारे ३.३१ मी./से. निघतो. तो कसा, ते खाली सांगतो. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. एक आहे वर्गमूळ राहून गेल्याची. दुसरी आहे मोजपट्टीच्या शून्याची, आणि तिचा पुरावा तू दिलेल्या पाच आकड्यांतच आहे. प्रयोगशाळेत मुलांकडून हा प्रयोग करून घेताना पहिली चूक मी लगेच दाखवून देतो, दुसरी मात्र त्यांना स्वतः शोधू देतो, कारण ती एकदा सापडली की पुढे कुठलंही मोजमाप घेताना उपयोगी पडते.

आधी वर्गमूळ. e ची व्याख्या वेगांवरून केलेली आहे, उंच्यांवरून नाही. चेंडू जमिनीला टेकण्याच्या क्षणाआधी त्याचा जो वेग असतो आणि जमीन सोडल्याबरोबर जो वेग असतो, त्यांचं गुणोत्तर म्हणजे e. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त लोलकाला टांगलेले गोळे एकमेकांवर आपटून हेच गुणोत्तर मोजलं होतं. घट्ट गुंडाळलेल्या लोकरीच्या गोळ्यांसाठी त्याने ५/९ दिलं आणि काचेच्या गोळ्यांसाठी १५/१६. दोन्ही गुणोत्तरं जवळ येण्याच्या आणि दूर जाण्याच्या वेगांची आहेत. आपल्या प्रयोगात दुसरा गोळा म्हणजे सगळी पृथ्वी, ती जागची हलत नाही, म्हणून फक्त चेंडूचे दोन वेग घेतले की भागतं.

आता उंची आणि वेग यांचं नातं बघ. h₀ उंचीवरून सोडलेला चेंडू खाली पोचतो तेव्हा

v₀ = √(2gh₀)

उसळल्यावर तो h₁ पर्यंत चढला, म्हणजे निघताना त्याचा वेग

v₁ = √(2gh₁)

भागाकार केला की 2g निघून जातो आणि उरतं

e = v₁/v₀ = √(h₁/h₀)

उंच्यांचा साधा भागाकार हा e² आहे. तू e² ने गुणलंस, म्हणजे एका फटक्यात दोन उसळ्यांची घट लावलीस. खात्री करायची असेल तर तुझंच तिसरं मोजमाप घे. दुसऱ्या उसळीत चेंडू ३८ सेंमी चढला, म्हणजे दुसऱ्यांदा जमीन सोडताना त्याचा वेग √(२ × ९.८ × ०.३८) = २.७३ मी./से. होता. तुझं उत्तर २.६८. पहिल्या उसळीनंतरचा वेग म्हणून तू जो आकडा काढलास तो जवळजवळ दुसऱ्या उसळीनंतरचा वेग आहे.

अशी चूक पकडायची सोपी रीत म्हणजे वेग काढून झाला की त्यावरून परत उंची काढून बघायची. २.६८ मी./से. वेगाने वर निघालेला चेंडू v²/2g म्हणजे ७.१८ भागिले १९.६, जेमतेम ३७ सेंमी चढेल. तू मात्र त्याला ६२.५ पर्यंत चढताना डोळ्यांनी पाहिलंस. आकडा आणि डोळा इतके फटकून असतील तर आकडा चुकलेला असतो. मित्राच्या ३.५० वरून उलट गणित केलं तर बरोबर ६२.५ सेंमी येतात, कारण त्याने ती उंची घेऊनच वेग काढला. म्हणूनच रीत म्हणून ती निर्दोष आहे.

ही गल्लत वारंवार होते, कारण उंच्यांच्या भागाकारालाही स्वतःचा अर्थ आहे. तो ऊर्जेचा हिस्सा आहे. mgh मधली m आणि g तीच राहतात, तेव्हा उंची ५६ टक्के उरली म्हणजे ऊर्जा ५६ टक्के उरली. उरलेली ४४ टक्के रबर दाबलं जाऊन पुन्हा पसरताना, लवदार कापडात आणि थोडीफार आवाजात व लादीच्या कंपनात गेली. वेग मात्र तेवढा घटत नाही, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते. ऊर्जा ५६ टक्के उरते तेव्हा वेग ७५ टक्के उरतो. प्रश्नात ‘किती ऊर्जा वाया गेली’ विचारलं असेल तर उंच्यांचा भागाकार थेट वापर. ‘वेग किती’ विचारलं असेल तर आधी वर्गमूळ काढ.

(५६ आणि ७५ हे आकडे कुठून आले, तुझा भागाकार तर ०.५८७ आहे, असं तुझ्या मनात आलं असेल. तिकडेच येतोय.)

वर्गमूळ घेऊनही तुझी दुसरी शंका मिटत नाही. तुझ्या चार जोड्यांचे भागाकार ०.५८७, ०.६०८, ०.६३२ आणि ०.६८८ आहेत. वर्गमुळं घेतली तर e येतो ०.७६६, ०.७८०, ०.७९५ आणि ०.८२९. सगळे एकाच दिशेने चढत जाताहेत. हात हलला, नजर चुकली अशा चुका असत्या तर आकडे खालीवर झाले असते, शिस्तीत चढले नसते. चुकीला जेव्हा दिशा असते तेव्हा तिला एकच ठराविक कारण असतं आणि ते शोधता येतं.

इथे वाचलेली मुलं लगेच सांगतात की आदळण्याचा वेग कमी झाला की e थोडा वाढतो. ते खरं आहे. चेंडू हळू आदळला की रबर कमी चेपतं आणि त्यामानाने ऊर्जाही कमी वाया जाते. पण इतक्या कमी उंचीवरून सोडलेल्या टेनिस बॉलमध्ये ही वाढ एवढी मोठी नसते. ०.७७ वरून ०.८३ पर्यंत चार उसळ्यांत उडी म्हणजे तर संशय घेण्याजोगीच. म्हणून भौतिकशास्त्राला दोष देण्याआधी पट्टीकडे बघू.

समज, तू प्रत्येक उंची एका ठराविक लांबीने जास्त वाचलीस. खरी उंची h असताना तुला h + d दिसलं. १०० सेंमीच्या उंचीत पाच-सहा सेंमी जास्त धरल्याने फार बिघडत नाही, पण १० सेंमीच्या उंचीत तेवढेच मिसळले तर भागाकार पार फुगतो. म्हणजे उंच्या घटत जातील तसा खोटा e वाढत जाणार, अगदी तुझ्या आकड्यांसारखा.

हे तपासायला d माहीत असण्याची गरज नाही. सलग उंच्यांमधले फरक काढ. प्रत्येक मोजमापात d सारखाच मिसळला असेल तर वजाबाकीत तो निघून जातो. तुझे फरक ४४, २४.५, १४ आणि ७.५ सेंमी आहेत. आता या फरकांचे भागाकार कर. २४.५ भागिले ४४ म्हणजे ०.५५७, १४ भागिले २४.५ म्हणजे ०.५७१, ७.५ भागिले १४ म्हणजे ०.५३६. चढण गेली. आकडे ०.५६ च्या आसपास थोडे खालीवर होताहेत, जसे प्रामाणिक मोजमापात व्हायला हवेत. e² हा ०.५६ आहे आणि e साधारण ०.७५.

आलेख काढून बघितलंस तर हेच अधिक स्पष्ट दिसेल. आडव्या अक्षावर एक उंची आणि उभ्या अक्षावर तिच्या पुढची उंची घे. तुझे चार बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत येतील. रेषेचा चढ ०.५६ येईल, पण ती आरंभबिंदूतून जाणार नाही, उभ्या अक्षाला शून्याच्या वर जवळपास ३ सेंमीवर छेदेल. शून्य उंचीवरून सोडलेला चेंडू ३ सेंमी उसळतो, असं ही रेषा म्हणतेय. असं होऊच शकत नाही, तेव्हा आपला शून्यच सरकलेला असणार.

तो किती सरकलाय तेही निघतं. खरं नातं h₁ = ०.५६ h₀ असं आहे. त्यात h च्या जागी (मोजमाप − d) घालून मांडणी केली की

पुढचं मोजमाप = ०.५६ × आधीचं मोजमाप + ०.४४ d

पहिली जोडी घाल. १०६.५ ला ०.५६ ने गुणल्यावर ५९.६ येतात. तू वाचलेस ६२.५. फरक सुमारे २.९ सेंमी, आणि त्याला ०.४४ ने भागलं की d येतो साडेसहा सेंमी.

आता टेनिस बॉलचा व्यास आठव. नियमाप्रमाणे तो ६.५४ ते ६.८६ सेंमीच्या दरम्यान असतो. तू प्रत्येक वेळी चेंडूच्या वरच्या कडेची उंची वाचली आहेस. व्हिडिओ थांबवला की वरची कड मोजपट्टीवर ठसठशीत दिसते आणि नजर तिथेच जाते, त्यामुळे हे सहज घडतं. पट्टीचा शून्य मात्र जमिनीवर होता.

वाचायची असते ती खालची कड. चेंडू खाली यायला लागतो तेव्हा त्याचा तळ जमिनीला लागेपर्यंतच तो मोकळा पडतो. सोडताना तळ जमिनीपासून १०० सेंमीवर असेल तर चेंडूचं केंद्रही १०० सेंमीच खाली येतं, कारण आदळताना केंद्र जमिनीवर नसतं, त्रिज्येइतकं वर असतं. v = √(2gh) मधला h म्हणजे चेंडू प्रत्यक्ष जेवढं अंतर पडला ते, आणि ते तळावरून मिळतं. तुला वरचीच कड सोयीची वाटत असेल तर चेंडू जमिनीवर ठेवून त्याची वरची कड पट्टीवर कुठे येते ते वाच आणि तोच आपला शून्य धर. दोन्हीचं उत्तर सारखंच येईल.

तर ६.५ सेंमी सगळीकडून वजा करून नव्याने गणित करू. g ९.८ मी./से.² घेतलाय.

| उसळी | खरी उंची (सेंमी) | जमीन सोडतानाचा वेग (मी./से.) | आधीच्या वेगाशी गुणोत्तर |
|---|---|---|---|
| सोडला | १०० | (आदळताना) ४.४३ | – |
| पहिली | ५६ | ३.३१ | ०.७४८ |
| दुसरी | ३१.५ | २.४८ | ०.७५० |
| तिसरी | १७.५ | १.८५ | ०.७४५ |
| चौथी | १० | १.४० | ०.७५६ |

एका उसळीनंतर चेंडू ज्या वेगाने वर जातो, हवेचा अडथळा सोडला तर त्याच वेगाने परत खाली येऊन आदळतो. म्हणून प्रत्येक ओळीतला वेग हा पुढच्या आदळण्याचा वेगही असतो, आणि n उसळ्यांनंतरचा वेग एका ओळीत लिहिता येतो :

vₙ = eⁿ √(2gh₀)

e ०.७५ धरून करून बघ. ४.४३ ला ०.७५ ने चारदा गुणलं की १.४० येतं, चौथ्या उसळीनंतरचा मोजलेला वेगही तोच. पाचव्या उसळीनंतर १.०५ यायला हवा, म्हणजे चेंडू साडेपाच सेंमीच्या आसपास चढेल. व्हिडिओत पाचवी उसळी दिसत असेल तर जरूर वाच, पण तळावरून.

या चार गुणोत्तरांतून एकच e द्यायचा असेल तर नुसती सरासरी घेण्यापेक्षा पहिली आणि शेवटची उंची घेणं मला पटतं. चार उसळ्यांत उंची १०० वरून १० वर आली, म्हणजे e⁸ = ०.१०, आणि त्याचं आठवं मूळ ०.७५०. शेवटची उंची वाचताना अर्धा सेंमी चुकला तरी आठव्या मुळामुळे e मध्ये जेमतेम ०.००५ चा फरक पडतो.

अर्ध्या सेंमीचं हे गणित उसळीगणिक कसं बदलतं ते मात्र लक्षात ठेव. ५६ सेंमीमध्ये अर्धा सेंमी म्हणजे एक टक्काही नाही आणि वेगात तो त्याच्याही निम्मा होतो. १० सेंमीमध्ये तोच अर्धा सेंमी पाच टक्के होतो, वेगात अडीच टक्के. म्हणून तक्त्यातला शेवटचा ०.७५६ हा ०.७४५ पेक्षा मोठा दिसतो यावरून ‘e वाढला’ असं लिहू नकोस. हा फरक तुझ्या वाचनाच्या मर्यादेतच आहे. वेग घटल्यावर e किंचित वाढतो हे खरं असलं तरी या मोजमापांतून ते दिसणार नाही. त्यासाठी एकदा ३० सेंमीवरून आणि एकदा दोन-अडीच मीटरवरून सोडून फक्त पहिल्या उसळ्यांची तुलना करावी लागेल.

‘e तर स्थिर असतो ना?’ याचं उत्तर असं की एका बैठकीत, त्याच चेंडूला, त्याच लादीवर, जवळपासच्या वेगांना तो स्थिर मानून चालतो. e एकट्या चेंडूचा नसतो, चेंडू आणि पृष्ठभाग या जोडीचा असतो. तोच चेंडू सतरंजीवर सोडलास तर वेगळा, अंगणातल्या मातीत वेगळाच. थंडीत पहाटे गच्चीवर ठेवलेला चेंडू आणि दुपारी उन्हात पडलेला चेंडूही सारखे उसळत नाहीत, कारण रबराचा ताठरपणा आणि आतल्या हवेचा दाब दोन्ही तापमानानुसार बदलतात. जुन्या चेंडूतली हवा हळूहळू निघून जाते. गल्ली क्रिकेटचा जड टेनिस बॉल तर वेगळ्याच बांधणीचा असतो. तुझा e योग्य पट्ट्यात आहे का हे बघायला आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची अट कामाला येते. स्पर्धेचा नेहमीचा चेंडू २५४ सेंमीवरून कडक सपाट पृष्ठभागावर सोडला की १३५ ते १४७ सेंमी उसळला पाहिजे. भागाकार करून वर्गमूळ घेतलं की e ०.७३ ते ०.७६ येतो. तुझा ०.७५ त्यात नीट बसतो. सुधारणा करण्याआधी तुझ्या शेवटच्या जोडीचा ०.८३ या पट्ट्याच्या बराच बाहेर होता, ही पट्टी चुकल्याची आणखी एक खूण.

हवेच्या अडथळ्याचं काय, असंही तू विचारशील. टेनिस बॉल साधारण ५८ ग्रॅमचा असतो आणि एक मीटर पडताना हवेमुळे त्याचा वेग अंदाजे एक टक्का घटतो. तुझ्या पट्टीला तो दिसायचा नाही. पण उद्या उत्साहाने हाच प्रयोग टेबल टेनिसच्या चेंडूवर, दोन मीटर उंचीवरून केलास तर गणित कोलमडेल. तो चेंडू फक्त २.७ ग्रॅमचा आणि ४० मिमी व्यासाचा. पडताना त्याचा वेग साधारण साडेआठ मी./से. च्या पुढे जाऊच शकत नाही. दोन मीटर पडल्यावर सूत्र ६.२६ सांगतं, प्रत्यक्षात तो साडेपाचच्या आसपास आदळतो. तिथे उंच्यांवरून काढलेला e खऱ्यापेक्षा बराच कमी निघतो, कारण हवेने खाल्लेला वेगही आपण जमिनीच्या नावावर मांडतो. आणि पुढच्या कमी उंचीच्या उसळ्यांमध्ये हवेचा वाटा घटत जातो, त्यामुळे तिथेही e वाढत जाताना दिसतो. म्हणजे तुझ्यासारखीच चढण, पण वेगळ्या कारणाने. दोन्हींतला फरक ओळखायला पट्टीवर तळ वाचला आहे याची खात्री आधी कर. तळ वाचूनही चढण राहिली आणि चेंडू हलका असला तर हवेकडे बोट दाखव.

परीक्षेत हमखास फसवणारी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. √(h₁/h₀) हे सूत्र चेंडू नुसता सोडला असेल तेव्हाच चालतं. एक मीटरवरून तो ३ मी./से. वेगाने खाली फेकला असेल तर आदळतानाचा वेग √(९ + १९.६) = ५.३५ मी./से. होतो. e ०.७५ असेल तर तो ४.०१ ने उसळतो आणि ८२ सेंमी चढतो. इथे ८२ ला १०० ने भागून वर्गमूळ घेतलंस तर ०.९१ येईल, जो e नाहीच. अशा प्रश्नात आधी आदळण्याचा वेग स्वतंत्रपणे काढ, मग e लाव. पुढच्या उसळ्यांपासून मात्र उंच्यांचं गुणोत्तर पुन्हा चालू शकतं, कारण त्यानंतर चेंडूला कोणी ढकलत नाही. घरीही हातातून सोडताना नकळत हिसका बसतो. पहिलाच भागाकार बाकीच्यांपेक्षा जास्त येत असेल तर हे कारण असू शकतं. बोटं एकदम दोन्ही बाजूंना उघडून चेंडू निसटू दे.

आता तुझ्या जागी मी असतो तर पुढचं मोजमाप कानाने घेतलं असतं. उंची वाचण्याच्या भानगडी, म्हणजे वरची कड की खालची, कॅमेरा तिरका की सरळ, चेंडू पट्टीपासून किती पुढे, यांतली एकही आवाजात येत नाही. चेंडू v वेगाने वर गेला की परत जमिनीवर यायला त्याला 2v/g एवढा वेळ लागतो. म्हणून लागोपाठच्या दोन ‘टप्’ आवाजांमधला वेळ T मोजला की

v = gT/2

आणि पुढच्या वेळेला आधीच्या वेळेने भागलं की थेट e मिळतो. इथे वर्गमूळही नाही. वेळ वेगाच्या सरळ प्रमाणात असतो.

मोबाइल लादीवर चेंडूपासून हातभर अंतरावर ठेव, पंखा बंद कर, साधं रेकॉर्डिंग चालू कर आणि चेंडू सोड. फाइल कॉम्प्युटरवर Audacity मध्ये उघडलीस की प्रत्येक टप्प्याचा उंच टोकदार ठसा दिसेल. ठशाचं सर्वांत उंच टोक धरू नकोस, तो जिथून उठायला सुरुवात होते ती वेळ टिपून घे, कारण चेंडू जमिनीला सुमारे पाच मिलिसेकंद चिकटलेला असतो आणि उंच टोक त्यात कुठेही येऊ शकतं. कॉम्प्युटर नसेल तर phyphox हे मोफत अॅप आहे, त्यात उसळत्या चेंडूसाठीच तयार प्रयोग आहे. तो आवाजावरून वेळा पकडून उंच्या काढून देतो. माझा आग्रह मात्र असा की एकदा तरी वेळा हाताने वाच, म्हणजे अॅप कुठला आवाज धरतंय ते कळेल. बाहेरचा हॉर्न किंवा दाराचा आवाज ते उसळी समजून बसतं आणि मग e एकाहून जास्त येतो. जमिनीवर नुसता सोडलेला चेंडू आला त्याहून जास्त वेगाने परत जात नाही, तेव्हा एकाहून मोठा e दिसला की ते मोजमाप सरळ काढून टाकायचं.

तुझ्या व्हिडिओतूनही वेळ मोजता येईल, पण स्लो मोशनमध्ये दिसणारे सेकंद खरे नसतात. सेकंदाला किती फ्रेम घेतल्या ते माहीत असेल तर फ्रेम मोजून वेळ काढ, नाहीतर तो नाद सोड. e साठी मात्र फ्रेम मोजल्या तरी पुरतं, कारण वेळेला वेळेने भागताना फ्रेमचा वेग निघून जातो.

तुझ्या चेंडूला, एक मीटरवरून (तळ एक मीटरवर धरून) सोडल्यावर, पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यांमधला वेळ ०.६८ सेकंदाच्या आसपास यायला हवा. त्यानंतर ०.५१, ०.३८, ०.२९. पहिल्या वेळेला ४.९ ने गुणलं की पहिल्या उसळीनंतरचा वेग ३.३ मिळेल. आवाजावरून e ०.७५ च्या जवळ आला आणि उंच्यांवरून पुन्हा ०.७८–०.८० आला, तर आवाजावर विश्वास ठेव आणि चेंडू जमिनीवर ठेवून मोजपट्टी नव्याने लाव. दोन्हीकडून ०.७५ आला, तर जर्नलमध्ये दोन्ही मोजमापं शेजारी शेजारी लिही, शिवाय लादीचा प्रकार आणि चेंडू नवा की जुना हेही लिही, कारण त्यांच्याशिवाय तो आकडा दुसऱ्या कोणाला पडताळून बघता येणार नाही.